एका सुरात ओरडणारी गर्दी : क्रिकेटचे प्रेक्षक आणि सामूहिक भावनेचा इतिहास

बंगळूरच्या उत्तरेला हेब्बाळ आहे. तिथल्या एखाद्या वसतिगृहात किंवा इमारतीत बसून तुम्ही मोबाइलवर सामना पाहत आहात अशी कल्पना करा. गोलंदाज अजून धावतच आहे आणि समोरच्या इमारतीतून एकदम आरोळी येते. तुम्हाला कळून चुकते की गडी बाद झाला किंवा षटकार गेला. मग काही सेकंदांनी तो चेंडू तुमच्या पडद्यावर पडतो. शेजारच्या घरातले चित्र केबलवरून आलेले असते, तुमचे इंटरनेटवरून, त्यामुळे तुमचे थोडे उशिरा पोहोचते. चेंडू तोच, फलंदाज तोच, तुम्ही ज्या संघाचे समर्थक तोच संघही. तरी तुमच्या तोंडून ती आरोळी तशी निघत नाही. निघाली तरी ती एकट्याची असते.

या छोट्या अनुभवात या पाठाचा मुख्य प्रश्न दडलेला आहे. क्रिकेटच्या मैदानावर हजारो अनोळखी माणसे एकाच क्षणी उभी राहतात, एकाच तालात ओरडतात, एकाच वेळी गप्प होतात. हे कसे घडते? त्यांना सामना आवडतो म्हणून, हे उत्तर पुरेसे नाही. सामना तुम्हालाही आवडत होता. हेब्बाळच्या खोलीत जे नव्हते आणि नऊएक किलोमीटरवरच्या चिन्नास्वामी स्टेडियममध्ये जे असते, ते काय, हे आपल्याला शोधायचे आहे. या शोधात आपण बंगळूरचे दोन दिवस पाहणार आहोत : 9 मार्च 1996 आणि 4 जून 2025. मधे थोडा वेळ जुन्या मुंबईतही जाऊ.

1. गर्दीविषयीचे दोन जुने विचार

गर्दीकडे पाहण्याच्या दोन दृष्टी इतिहासकारांनी आणि समाजशास्त्रज्ञांनी वापरल्या आहेत. पहिली दृष्टी फ्रेंच लेखक गुस्ताव ल बों याची. त्याचे गर्दीवरचे पुस्तक 1895 साली प्रसिद्ध झाले. गर्दीत शिरलेला माणूस आपली बुद्धी गमावतो, भावना साथीच्या रोगासारखी एकाकडून दुसऱ्याकडे पसरते आणि सुशिक्षित माणूसही रानटी होतो, असे त्याचे म्हणणे होते. पॅरिसमधल्या क्रांत्या आणि संप यांची धास्ती घेतलेल्या वर्गाला हे पटण्यासारखे होते. आजही वर्तमानपत्रांत ‘बेभान जमाव’ हा शब्द येतो, तेव्हा त्यामागे बहुधा ल बों उभा असतो.

दुसरी दृष्टी एमिल द्युरकेम याची. 1912 साली प्रसिद्ध झालेल्या धर्मविषयक ग्रंथात त्याने एक वेगळी गोष्ट मांडली. माणसे एकत्र जमतात, एकाच गोष्टीकडे लक्ष देतात, एकच हालचाल आणि एकच आवाज करतात, तेव्हा प्रत्येकाला आपल्यापेक्षा मोठ्या अशा कशाचा तरी स्पर्श झाल्यासारखे वाटते. या अवस्थेला आपण ‘सामूहिक उधाण’ म्हणू. द्युरकेमच्या मते हा वेडेपणा नसून समाज स्वतःला जाणवून घेतो तो हा क्षण असतो. उधाण ओसरते, पण ‘आपण एक आहोत’ ही जाणीव एखाद्या चिन्हाला चिकटून मागे राहते. आजच्या भाषेत सांगायचे तर जर्सीला, झेंड्याला किंवा घोषणेला.

या विचारात इतिहासकार विल्यम मॅकनील याने 1995 च्या आपल्या पुस्तकात शरीराची भर घातली. 1941 मध्ये अमेरिकी सैन्यात भरती झाल्यावर त्याला तासन्‌तास कवायत करावी लागली. ती निरर्थक आहे हे त्याला कळत होते, तरी सर्वांबरोबर पावले टाकताना एक विलक्षण सुख होते हे त्याला विसरता येईना. एकत्र हालचाल केल्याने जवळीक निर्माण होते, आधी जवळीक असलीच पाहिजे असे नाही, हा त्याचा मुद्दा. ज्यांनी शाळेच्या मैदानावर लेझीम खेळली आहे किंवा वारीत टाळांच्या तालावर चार पावले टाकली आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. शेजारचा कोण, हे माहीत नसतानाही पाऊल जुळते आणि पाऊल जुळले की तो परका राहत नाही.

2. मुंबई : कोण कोणाशेजारी बसते?

उधाण सर्वांचे असते असे द्युरकेम वाचून वाटू शकते. पण ‘सर्व’ म्हणजे कोण, हे कोणीतरी आधी ठरवलेले असते. मुंबईचा इतिहास हेच दाखवतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतले सर्वांत लोकप्रिय क्रिकेट धर्मवार संघांचे होते. 1907 मध्ये युरोपियन, पारशी आणि हिंदू अशी तिरंगी स्पर्धा सुरू झाली, 1912 मध्ये मुस्लिम संघ आल्यावर ती चौरंगी झाली. संघ समाजवार आणि जिमखानेही समाजवार, त्यामुळे प्रेक्षकाची आरोळीही आपोआप समाजवार झाली. 1937 मध्ये ही स्पर्धा नव्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर गेली, तेव्हा त्या वर्षी हिंदू संघ खेळलाच नाही. कारण खेळातले नव्हते. स्टेडियममध्ये कोणत्या जिमखान्याला किती जागा मिळणार यावरून वाद झाला होता. आज हा वाद क्षुल्लक वाटेल. पण आपली माणसे शेजारी शेजारी बसली तरच आपला आवाज उठतो, हे त्या काळच्या जिमखान्यांना चांगले ठाऊक होते.

याच स्पर्धेतला 1923 चा अंतिम सामना पाहा. हिंदू संघाचा कर्णधार होता पळवणकर विठ्ठल, म्हणजे थोर फिरकी गोलंदाज बाळू पळवणकर यांचा धाकटा भाऊ. हे कुटुंब चर्मकार समाजातले. बाळूंची योग्यता सर्वांना मान्य असूनही त्यांना कर्णधारपद मिळाले नव्हते. सुरुवातीच्या काळात पुण्यात त्यांना चहासुद्धा संघापासून वेगळा, मैदानाबाहेर दिला जाई. 1923 मध्ये विठ्ठलच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांना हरवले आणि गर्दीने त्याला खांद्यावर उचलून घेतले. ज्याला स्पर्श करणे लोक टाळत, त्याला खांद्यावर घेण्याची ही घटना आहे. एका दुपारी जातीची रेघ पुसली गेली, कारण त्या दुपारी ‘आपण’ या शब्दाचा अर्थ ‘युरोपियनांविरुद्धचे हिंदू’ असा होता.

पण घाईने निष्कर्ष काढू नका. मैदानाबाहेर जातीची रेघ होती तशीच राहिली आणि ज्या ‘आपण’मुळे विठ्ठल खांद्यावर चढला, त्याच ‘आपण’ने पारशी आणि मुस्लिम शेजाऱ्याला पलीकडच्या बाजूला बसवले. उधाण माणसांना जोडते, पण ते आधी आखलेल्या कुंपणाच्या आत जोडते. धर्मवार क्रिकेटवर पुढे गांधीजींसह अनेकांनी टीका केली आणि 1946 मध्ये ही स्पर्धा कायमची थांबली.

3. बंगळूर, 9 मार्च 1996 : एक क्षण उलगडून पाहू

आता बंगळूरला येऊ. विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना, भारत विरुद्ध पाकिस्तान. चिन्नास्वामी स्टेडियमवर प्रकाशझोतात खेळला गेलेला हा पहिला सामना. प्रकाशझोताचा एक परिणाम ध्यानात घ्या : भोवतालचे शहर अंधारात जाते आणि फक्त मैदान उजळलेले राहते. नजर दुसरीकडे जायला जागाच नसते.

भारताने 50 षटकांत 8 बाद 287 धावा केल्या. अखेरीस अजय जडेजाने 25 चेंडूंत 45 धावा फटकावल्या आणि वकार युनूसच्या शेवटच्या दोन षटकांत 40 धावा निघाल्या. पाकिस्तानने उत्तर तितकेच जोरदार दिले. सईद अन्वर आणि आमिर सोहेल यांनी 84 धावांची सलामी दिली. अन्वर बाद झाल्यावरही सोहेल थांबला नाही आणि धावसंख्या शंभराच्या पुढे गेली. स्टेडियम शांत होत चालले होते.

मग पंधराव्या षटकात सोहेलने वेंकटेश प्रसादला कव्हरमधून चौकार मारला आणि बॅट सीमारेषेकडे रोखून प्रसादला दाखवली. पुढचा चेंडूही तिकडेच मारणार, असा त्याचा अर्थ. पुढचा चेंडू सोहेलने आडवातिडवा फिरवून मारायचा प्रयत्न केला, तो हुकला आणि ऑफ यष्टी उखडली. त्यानंतरच्या गर्जनेच्या आठवणी त्या रात्री तिथे असलेले लोक अजून सांगतात. तिथून सामना फिरला, प्रसादने आणखी दोन गडी लवकर घेतले आणि भारत 39 धावांनी जिंकला.

हा क्षण इतका एकसंध का झाला? एकेक कारण वेगळे काढून पाहू.

पहिले कारण, खूण सर्वांना वाचता आली. एखादी बारीक शिवीगाळ फक्त खेळाडूंना ऐकू येते. रोखलेली बॅट मात्र सर्वांत वरच्या रांगेतूनही दिसते आणि तिचा अर्थ कोणालाही विचारावा लागत नाही. दुसरे कारण, उत्तरही तितकेच स्वच्छ होते. पायचीतच्या अपिलात गर्दी अर्धवट ओरडते आणि पंचाकडे पाहते. उखडलेल्या यष्टीला पंचाची गरज नसते, म्हणून हजारो माणसांना निकाल एकाच क्षणी कळतो. तिसरे कारण, दोन चेंडूंमधला थांबा. क्रिकेटमध्ये प्रत्येक चेंडूआधी गोलंदाज मागे जातो, वळतो, धावत येतो. या वेळात अपमान सर्वांच्या मनात एकदम साठला. चौथे कारण, प्रसाद हा बंगळूरचाच मुलगा. अपमान देशाचा होता तसाच शहराचाही.

म्हणजे सामूहिक भावनेसाठी तीन गोष्टी लागतात : एकच गोष्ट दिसणे, ती एकाच वेळी दिसणे, आणि इतरांनाही ती दिसली आहे हे प्रत्येकाला दिसणे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हेब्बाळच्या खोलीत पहिली होती, दुसरी आणि तिसरी नव्हती.

याला जोडून दुसरी एक रात्र पाहिली पाहिजे. चारच दिवसांनी, 13 मार्चला, कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर श्रीलंकेविरुद्ध उपांत्य सामना झाला. 252 धावांचा पाठलाग करताना भारत 1 बाद 98 वरून 8 बाद 120 पर्यंत कोसळला. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, बाकांना आगी लावल्या आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. ल बों म्हणेल की बंगळूरची गर्दी शहाणी होती आणि कोलकात्याची रानटी झाली. पण लक्ष, एकाच वेळी मिळालेली बातमी आणि परस्परांची जाणीव या तिन्ही गोष्टी दोन्हीकडे सारख्याच होत्या. वेगळे होते ते मैदानावर काय घडले हे. उधाणाला स्वतःची दिशा नसते, ती प्रसंग देतो.

4. आवाज आणि लाट : जुळणे कसे घडते

गर्जना ही एका घटनेची प्रतिक्रिया असते. घोषणा आणि ‘मेक्सिकन वेव्ह’ मात्र घटनेशिवायही चालतात. तिथे माणसे एकमेकांशी जुळवून घेतात. या दोन्हींचे गणित वेगवेगळे आहे.

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. स्टेडियमच्या एका टोकाच्या गॅलरीपासून समोरच्या गॅलरीपर्यंत अंतर 170 मीटर धरा. आवाज पोहोचायला अर्धा सेकंद लागतो. आता एखाद्या घोषणेत सेकंदाला दोन ठोके पडत असतील तर समोरचे लोक ती बरोबर एक ठोका उशिरा ऐकतील. त्यांनी ऐकून साथ दिली तर त्यांचा आवाज परत येईपर्यंत आणखी एक ठोका जाईल. म्हणूनच एकेका गॅलरीत घोषणा घट्ट बसते, पण पूर्ण स्टेडियमभर ती विस्कटते. टिकतात त्या संथ आणि मधे मोकळी जागा सोडणाऱ्या घोषणा. वानखेडेवर घुमणारे ‘सचिऽऽन, सचिन’ आठवा : एक लांब स्वर, एक छोटा, मग टाळ्या. लांबवलेल्या स्वरात मागे पडलेल्यांना गाठायला वेळ मिळतो आणि टाळ्यांच्या जागी सगळे पुन्हा एकत्र येतात. बंगळूरच्या ‘आरऽऽ सीऽऽ बी’ मध्येही तीच युक्ती आहे.

टाळ्यांचा अभ्यासही हेच सांगतो. 2000 साली ‘नेचर’ या नियतकालिकात नाट्यगृहांतल्या टाळ्यांवरचे एक संशोधन प्रसिद्ध झाले. विस्कळीत टाळ्यांतून एकतालात येताना प्रेक्षक टाळ्यांचा वेग जवळजवळ निम्म्यावर आणतात, असे त्यात आढळले. वेग कमी केला की दुसऱ्याशी जुळवणे सोपे जाते. पण मग एकूण आवाज कमी होतो, उत्साही लोक वेग वाढवतात आणि ताल पुन्हा मोडतो. ताल आणि जोर यांपैकी एका वेळी एकच पुरेपूर मिळतो.

लाट मात्र कानावर चालत नाही, डोळ्यांवर चालते. 2002 मध्ये फार्कस, हेल्बिंग आणि विचेक या संशोधकांनी मोठ्या स्टेडियममधल्या चौदा लाटांची चित्रफीत तपासली. लाट सेकंदाला सुमारे 12 मीटर, म्हणजे वीसएक आसने, पुढे सरकते. कोणत्याही क्षणी साधारण पंधरा आसनांचा पट्टा उभा असतो. ती सुरू करायला दोन-तीन डझन माणसे एकदम उठली तरी पुरतात. प्रत्येक प्रेक्षक तीन अवस्थांतून जातो : तयार बसलेला, उभा राहिलेला आणि नुकताच बसल्यामुळे लगेच पुन्हा न उठणारा. ही तिसरी अवस्था नसती तर लाट पुढे सरकण्याऐवजी दोन्हीकडे पसरून गोंधळ झाला असता. आणखी एक गोष्ट : सामन्यात काही रोमांचक चालू असेल तेव्हा लाट उठत नाही, कारण नजर मैदानावर असते. कंटाळा हीच लाटेची हवा.

2008 नंतर यात एक बदल झाला. त्या वर्षी 18 एप्रिलला आयपीएलचा पहिला सामना चिन्नास्वामीवरच झाला. आता घोषणेची सुरुवात गॅलरीतला उत्साही गट करीत नाही. ध्वनिक्षेपकावरून तुतारीसारखी धून वाजते आणि गर्दी ठरलेल्या जागी उत्तर देते. जागोजागी बसवलेल्या ध्वनिक्षेपकांमुळे अर्ध्या सेकंदाची अडचण बरीचशी सुटली आणि पूर्ण स्टेडियम एका ठोक्यावर आले. पण सुरुवात करण्याचा हक्क प्रेक्षकांकडून आयोजकांकडे गेला, हेही इतिहासाच्या विद्यार्थ्याने नोंदवायला हवे.

5. 4 जून 2025 : स्टेडियमच्या बाहेर

‘ई साला कप नमदे’, म्हणजे ‘यंदा कप आपलाच’, ही घोषणा बंगळूरने कित्येक वर्षे दिली. आधी आशेने, नंतर स्वतःचीच थट्टा करीत. 3 जून 2025 रोजी अहमदाबादला बंगळूरच्या संघाने अंतिम सामना सहा धावांनी जिंकला आणि ती खरी ठरली. दुसऱ्या दिवशी संघाच्या सत्कारासाठी चिन्नास्वामीभोवती स्टेडियमच्या क्षमतेच्या कितीतरी पट लोक जमले. हेब्बाळसारख्या उपनगरांतून लाल जर्सी घातलेली तरुण मुले बसने आणि मेट्रोने मध्य शहरात उतरत होती. संध्याकाळी प्रवेशद्वारांपाशी चेंगराचेंगरी झाली आणि अकरा जणांचा मृत्यू झाला. त्यांत बहुतेक तरुण होते, तुमच्याच वयाचे.

अशा वेळी ‘गर्दी बेभान झाली’ असे म्हणणे सोपे असते. पण वर पाहिलेल्या तीन अटी इथे लावून पाहा. स्टेडियमच्या आत प्रत्येकाला आसन असते, म्हणजे दोन माणसांत ठराविक अंतर असते. सर्वांना एकच मैदान दिसते आणि इतरांना काय कळले आहे तेही दिसते. बाहेरच्या रस्त्यावर मनःस्थिती तीच होती, पण या तिन्ही गोष्टी नव्हत्या. दर चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसे झाली की माणूस स्वतःच्या पायांनी चालत नाही. शरीरांमधून दाबाच्या लाटा जातात आणि त्या कोणीही मुद्दाम दिलेल्या नसतात. पुढे माणसे बंद दाराशी अडकलेली असतात, मागच्यांना ते दिसत नाही. मागच्यांना फक्त जयघोष ऐकू येतो, म्हणून ते पुढे सरकतात. अशा दुर्घटनांत मृत्यू बहुधा पायदळी तुडवले जाण्याने होत नाहीत, छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने होतात. पुढच्याचा आक्रोश आणि मागच्याचा आनंद एकाच वेळी, काही मीटरच्या अंतरावर चालू असतो.

म्हणजे इथे माणसे ‘फार जास्त एक झाली’ म्हणून मेली नाहीत. ती एकमेकांना दिसत नव्हती, पुढची बातमी मागे पोहोचत नव्हती. दार किती रुंद, ते केव्हा उघडणार, मागच्यांना थांबायला कोण सांगणार, हे प्रश्न मानसशास्त्राचे नसून व्यवस्थेचे आहेत. ल बोंचे उत्तर स्वीकारले की दोष मेलेल्यांवर जातो आणि हे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

सारांश

क्रिकेटची गर्दी एका सुरात ओरडते, कारण तिला एकच गोष्ट एकाच वेळी दिसते आणि इतरांनाही ती दिसल्याचे तिला कळते. घोषणा कानावर चालते, लाट डोळ्यांवर. दोन्हींना अंतर आणि वेळ यांच्या मर्यादा असतात. या उधाणात ‘आपण’ कोण, हे गर्दी स्वतः ठरवीत नाही. ते जिमखान्याच्या जागावाटपात, संघाच्या नावात आणि जर्सीच्या रंगात आधीच ठरलेले असते. 1923 च्या मुंबईत त्या ‘आपण’ने विठ्ठलला खांद्यावर घेतले. 2025 च्या बंगळूरमध्ये तीच भावना घेऊन आलेल्या अकरा जणांसाठी दारापाशी जागा नव्हती. भावना दोन्हीकडे खरी होती. तिचे काय झाले हे तिच्याभोवतीच्या मांडणीने ठरवले.

स्वाध्याय

1. तुमच्या गावातल्या एखाद्या मैदानाची लांबी पावलांनी मोजा. एका टोकाला दिलेली घोषणा दुसऱ्या टोकाला किती वेळाने पोहोचेल ते काढा. तुम्हाला माहीत असलेली एखादी घोषणा तिथे टिकेल का, ते कारणांसह लिहा.
2. 9 मार्च आणि 13 मार्च 1996 या दोन रात्रींची तुलना ल बों आणि द्युरकेम यांच्या दृष्टीने करा. कोणाची मांडणी कुठे अपुरी पडते?
3. वारी, गणेश विसर्जन किंवा जत्रा यांपैकी तुम्ही पाहिलेल्या एका गर्दीत पुढची बातमी मागे कशी पोहोचते, याचे निरीक्षण नोंदवा.